साहेबांसाठी उघडलेलं अकाउंट

व्हिसाचं काम काढलं मुलीनं, पण साफसफाईला सुरुवात केली तिच्या पप्पांनी.

आमचे हे सिल्वासातल्या एका मराठी शाळेत मुख्याध्यापक आहेत. उभ्या नोकरीत हे कशाला मनापासून घाबरले असतील तर ते शाळेच्या तपासणीला. साहेब येणार असं कानावर आलं की यांचं जेवण अर्धं होतं. भिंतींवर नवे तक्ते लागतात, मैदानातले दगड उचलले जातात, आणि हुशार पोरांना पुढच्या बाकावर बसवून उत्तरं पाठ करून घेतली जातात. मी कितीदा म्हटलंय, अहो, साहेबालाही कळतं हो सगळं, तोही कधीतरी मास्तरच होता. पण ऐकतील तर शपथ.

मुलीनं इंजिनिअरिंग सुरतेला हॉस्टेलवर राहून केलं. मग दोन वर्षं राखोलीच्या एका कंपनीत नोकरी केली आणि तिथूनच तिला वेड लागलं, की कापडाच्या कंपन्यांतून जे रंगाचं पाणी निघतं ते साफ कसं करायचं हे शिकायचं. अमेरिकेतल्या एका प्राध्यापकांनी तिला आपल्या लॅबमध्ये जागा दिली, वर शिष्यवृत्तीही दिली. एवढंच होतं, की कॉलेज सुरू व्हायच्या आत तिनं तिथं पोचायला हवं. व्हिसा लांबला तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. घरात त्या दिवसांत दुसरा विषयच नव्हता.

त्यातच कुणीतरी यांना सांगितलं की हल्ली व्हिसा देणारे साहेब मुलांची सोशल मीडियावरची अकाउंटं बघतात. नुसती बघत नाहीत, ती सगळ्यांसाठी उघडी करून ठेवायला सांगतात. झालं! यांच्या डोळ्यांसमोर तपासणी उभी राहिली.

मुलीला समोर बसवून यांनी एकेक फोटो बघायला घेतला. वाढदिवसाला मैत्रिणींनी तोंडाला केक फासलेला, तो काढ. विसर्जनाच्या मिरवणुकीत नाचतेय, तो काढ. दमणच्या किनाऱ्यावर उभी आहे आणि मागच्या टेबलावर कुणाच्या तरी बाटल्या दिसतायत, तो तर आधी काढ. पोरगी म्हणाली, "पप्पा, त्या बाटल्या माझ्या नाहीत." हे म्हणाले, "साहेबाला काय माहीत?" मी मध्ये पडले नाही. खरं सांगायचं तर त्या बाटल्यांचा फोटो मलाही नको होता.

एवढ्यावर थांबतील तर ते मुख्याध्यापक कसले? यांनी आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर निरोप टाकला, की माझ्या मुलीच्या अकाउंटवर सर्वांनी चांगला अभिप्राय लिहावा. कसा लिहावा तेही खाली दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझ्या कंपनीत कामावर असताना पोरीचा फोन. आवाज रडवेला. "आई, पप्पांनी काय केलंय बघ." बघितलं तर तिच्या प्रत्येक फोटोखाली ओळीनं कॉमेंटा. "नमुना: अत्यंत अभ्यासू, सुसंस्कृत व देशप्रेमी विद्यार्थिनी." पुन्हा तेच. पुन्हा तेच. आज्ञाधारक विद्यार्थी सगळे, गुरुजींनी लिहिलेला 'नमुना' हा शब्दसुद्धा एकानं सोडला नव्हता. एकानं तर तिच्या मैत्रिणीच्या कुत्र्याच्या फोटोखाली तेच चिकटवलं होतं. मी पॅकिंगच्या टेबलाला धरून हसले. आजूबाजूच्या बायकांना वाटलं मला काहीतरी झालं.

संध्याकाळी मात्र हसू आलं नाही. पोरगी जेवली नाही. एकेक कॉमेंट पुसत बसली होती, आणि हे तिच्यामागे उभे राहून म्हणत होते, "मी तुझ्या भल्यासाठीच केलं ना?" मी यांना आत बोलावलं आणि सांगितलं, "अहो, आता तुम्ही काही करू नका. हात जोडते." मोठ्या मिनतवारीनं कबूल झाले.

मग मी आणि ती वापीला गेलो. तिथं एक गुजराती बेन परदेशी जाणाऱ्या मुलांचे फॉर्म भरून देतात. बाई मोठ्या शांत. हिंदी, गुजराती, थोडं मराठी असं मिसळून बोलायच्या. पोरीनं अकाउंट दाखवलं, काय काय काढलं ते सांगितलं. बेन म्हणाल्या, "आजीसमोर दाखवायला लाज वाटेल असलं काही असेल तर काढ, माझी ना नाही. पण केक, नाच, फिरायला गेलेले फोटो का काढायचे? माणूस आहेस ना? सगळं पुसून कोरं केलंस तर तेच डोळ्यावर येईल. आणि एक लक्षात ठेव. गेल्या पाच वर्षांत जी जी अकाउंटं वापरलीस ती सगळी फॉर्मवर लिहायची. एकही सोडायचं नाही. खाली तू सही करतेस की हे सगळं खरं आहे. फोटोवरून सहसा काही बिघडत नाही, पण लपवलेलं सापडलं तर पुढं कायमचं अवघड होतं. छुपाना नहीं है."

मग त्यांनी विचारलं, "हे एक, ते जुनं एक, ते नोकरीवालं एक. अजून काही?"

पोरगी म्हणाली, "नाही."

बेनना ते पटलं. मला नाही पटलं. मी गलोंड्याच्या कंपनीत पॅकिंगची सुपरवायझर आहे. पेटीत वरचा थर चांगला आणि खाली रिजेक्ट माल भरला असेल तर पेटी उचलताना हाताला कळतं. आणि ही तर माझ्या पोटची. 'नाही' म्हणायच्या आधी ती एवढीशी थांबली होती. मी बेनना म्हटलं, "फॉर्म उद्या पाठवू या का? हिच्या पप्पांना एकदा दाखवते." बेन म्हणाल्या, चालेल.

परतताना दादऱ्याला तलावाच्या बागेपाशी मी तिला स्कूटी थांबवायला लावली. भाजलेले शेंगदाणे घेतले आणि पाण्याकडं तोंड करून बसलो. मी म्हटलं, "कोण मुलगा आहे?"

"काय गं आई! कुणी मुलगा नाही."

"मग काय आहे?"

तिनं शेंगदाण्याची सालं फुंकली. बराच वेळ फुंकत बसली. मग म्हणाली, "माझं अजून एक अकाउंट आहे. बंद. त्यात हॉस्टेलच्या सात-आठ मैत्रिणीच आहेत. मी त्यात लिहिते."

"काय लिहितेस?"

"काहीही. मनातलं."

"देशाविरुद्ध? कुणाला शिव्या?"

"नाही गं."

"मग त्या साहेबानं वाचलं तर काय बिघडलं?"

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "साहेबानं वाचलं तर काही नाही. पण ते उघडं केलं की तूपण वाचशील."

माझ्या हातातले शेंगदाणे हातातच राहिले. मला राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. म्हणजे मी अशी कोण लागून गेले, की माझ्यापासून लपवायचं? तोंडावर आलं होतं, की मग पुसून टाक सगळं. तेच म्हटलं मी. ती म्हणाली, "बेन म्हणाल्या ना, कोरं दिसलं तर वाईट. आणि मला पुसायचंच नाही, आई. माझं आहे ते."

मग मीच वेड्यासारखं म्हटलं, "तर मग लिहू नकोस. बंद अकाउंट आहे. कुणाला कळणार?"

"मीपण तोच विचार केला होता. पण फोन नंबर तोच आहे, मैत्रिणी त्याच आहेत. आणि सही करायची आहे मला, की सगळं खरं आहे."

ती हे बोलली तेव्हा मला तिचा अभिमान वाटला आणि माझीच लाज वाटली. रोज दुसऱ्यांच्या पेट्या उघडायला लावते, आणि लेकीला सांगत होते वरचा थर चांगला भर. मी उठले, सालं झटकली, आणि म्हटलं, "लिही. नाव लिही आणि उघडं कर. मी बघणार नाही."

"खरंच?"

"शप्पथ. पप्पांनाही बघू देणार नाही."

"वचन?"

"आता लिहून देऊ का?"

दुसऱ्या दिवशी बेननी फॉर्ममध्ये ते अकाउंट घातलं. मी शेजारीच बसले होते, त्यामुळं त्याचं नाव मला दिसलं. बघायचं नव्हतं, पण दिसलं. पोरीनं तिथंच फोनवर दोन ठिकाणी बोट लावलं आणि ते उघडं झालं. साऱ्या जगाला. बेन म्हणाल्या, "हं, आता असंच राहू दे."

मुलाखत मुंबईला होती. आदल्या दिवशी बोटांचे ठसे दिले आणि दुसऱ्या दिवशी मुलाखत. आम्ही गाडी करून गेलो. हे बाहेर फुटपाथवर फाइल छातीशी धरून उभे होते, जसं काही साहेब बाहेर येऊन यांचीच हजेरी घेणार होता. ती आत गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. काय विचारलं? हेच कॉलेज का, खर्च कोण करणार, पुढं काय करणार, एवढंच. आणि मग हातात एक चिठ्ठी दिली, की तुमचं प्रकरण अजून तपासायचं आहे, तोवर सगळी अकाउंटं उघडी ठेवा.

"नाही म्हणाले का?" हे म्हणाले. यांचा आवाज चिरकला होता.

"नाही म्हणाले नाहीत, पप्पा. थांबा म्हणाले."

मग सुरू झालं थांबणं. पोरगी रोज सकाळी फोनवर बघायची, काय लिहून आलंय. 'तपासणी चालू', तेच लिहिलेलं असायचं. तिकडं कॉलेज सुरू व्हायचे दिवस जवळ यायला लागले. तिनं त्या प्राध्यापकांना कळवलं, त्यांनी लिहिलं, वाट बघतो, पण फार नाही. हे शाळेतून आले की माझ्याकडं बघायचे आणि मी मान हलवायचे. घरात सगळे हळू बोलायला लागलो, जसं कुणी आजारी आहे.

आणि माझं वेगळंच चाललं होतं. मला ते नाव पाठ झालं होतं. कंपनीत डबा खाताना साड्यांचे व्हिडिओ बघायला मी तेच अ‍ॅप उघडते. एकदा बोट आपोआप शोधायच्या चौकटीवर गेलं. दोनच अक्षरं टाकली तर मेलं पुढचं नाव आपलं आपण आलं. शेजारी एवढासा गोल फोटो. आमच्याच ओट्यावरची चहाची गाळणी, तिची दांडी मी तारेनं बांधलीय ती. मी फोन पालथा घातला. डबा तसाच राहिला.

मला वाईट वाटत होतं हो. तो कुठला कोण साहेब, त्यानं वाचायचं. सात-आठ मैत्रिणींनी वाचायचं. रस्त्यावरच्या कुणीही वाचायचं. आणि जिनं तिला वाढवलं, तिनं तेवढं बघायचं नाही. हा कुठला न्याय? पण वचन दिलं होतं. मी चिडते, ओरडते, भांडी आपटते, सगळं करते. पण शब्द फिरवत नाही.

मग धुळ्याहून नणंदेचा फोन आला. यांची थोरली बहीण. ताईंच्या फोनवर म्हणे 'तुमच्या ओळखीचे' म्हणून ते अकाउंट आपसूक आलं. जगात कुणाला काही सापडायचं राहिलं तर आमच्या ताईंना विचारावं. म्हणाल्या, "अगं, पोरगी काय लिहितेय जगजाहीर! माझी आई चिडकी आहे, तिला काही सांगायची सोय नाही..."

"ताई, पुढं बोलू नका."

"अगं, ऐक तरी. तुझ्याचबद्दल आहे. मी वाचूनच दाखवते."

"ताई, तुम्हाला माझी शप्पथ आहे. मला ऐकायचं नाही."

"कमाल आहे बाई तुझी. आपलं समजून सांगायला जावं..."

मी फोन ठेवला. हे दारात उभे होते, सगळं ऐकलेलं. हळूच म्हणाले, "मी एकदा बघू का? मग तुला सांगत नाही." मी म्हटलं, "खबरदार! तुमच्या फोनला हात लावाल तर 'नमुना' म्हणून तुमचाच फोटो लावीन शाळेत." यांनी फोन खिशात घातला. पण चिडकी हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. भाजी चिरताना चिडकी, कपडे वाळत घालताना चिडकी. बरं, चिडकी तर मी आहेच. ते नवीन नव्हतं. मला टोचत होतं ते पुढचं, की काही सांगायची सोय नाही. काय होतं जे तिला सांगायचं होतं?

आणि एका संध्याकाळी मी शिफ्ट संपवून गेटबाहेर आले, तर पोरगी स्कूटी घेऊन उभी. ती कधी न्यायला येत नाही.  तिनं हेल्मेट काढलं आणि ती हसत होती. "आई, झालं. व्हिसा मंजूर." मी तिला तिथंच, सगळ्या बायकांसमोर, पाठीत धपाटा घातला आणि मग जवळ घेतलं. मागून कुणीतरी गुजरातीत विचारत होतं, शुं थयुं, शुं थयुं, आणि मला सांगता येत नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी हे तिच्याबरोबर जाऊन पासपोर्ट घेऊन आले. आत व्हिसा चिकटवलेला. यांनी तो देवासमोर ठेवला आणि पेढे आणायला बाहेर पडले. मी भाकऱ्या करत होते. पोरगी ओट्याला टेकून उभी राहिली, फोनशी काहीतरी करत.

"आई, ते अकाउंट परत बंद केलं."

"चांगलं झालं."

"तू किती वाचलंस?"

"काहीच नाही."

"खरं सांग."

"अगं, वचन दिलं होतं ना? नाही वाचलं."

"एकदाही नाही?"

मी वर बघितलं. मला वाटलं होतं, तिला हायसं वाटेल. पण तिचा चेहरा पडला होता. लहानपणी शाळेच्या कार्यक्रमात तिचा नाच व्हायचा आणि मला यायला उशीर झाल्यानं मी तो बघितलाच नाही, हे कळल्यावर पडायचा तसा.

ती म्हणाली, "मला रोज वाटायचं, आज आई काहीतरी बोलेल. आज विचारेल."

"अगं मेले, मग वचन कशाला घेतलंस!" मी लाटेसारखी उसळलेच. "इथं माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. तुझ्या आत्यानं वाचलं, त्या साहेबानं वाचलं, आणि मी वेडी डोळे मिटून बसले!"

ती हसली आणि रडलीही. मग तिनं फोनवर काहीतरी शोधलं आणि माझ्या तोंडासमोर धरला. माझे हात पिठाचे. चष्मा तिनंच माझ्या डोळ्यांवर चढवला. हॉस्टेलच्या मेसच्या ताटाचा फोटो होता, न खाल्लेल्या ताटाचा. खाली लिहिलं होतं, की आज दुसऱ्यांदा त्याच विषयात नापास झाले. महिनाभर रोज रडतेय. वाटतं इंजिनिअरिंग सोडून द्यावं. आणि त्याखाली:

"माझी आई चिडकी आहे, तिला काही सांगायची सोय नाही. सांगितलं तर आधी चिडेल. त्याचं काही नाही. पण मग ती रात्रभर झोपणार नाही, आणि सकाळी तशीच शिफ्टला जाईल. चिडलेली आई मला चालते. जागी आई नको."

मी ते दोनदा वाचलं. महिनाभर रडत होती आणि मी इथं रोज फोनवर विचारत होते, जेवलीस का, आणि ती रोज सांगत होती, जेवले. तव्यावरची भाकरी तिनंच उलटली.

मी म्हटलं, "यापुढं असं काही झालं तर मला उठवायचं."

"आई, मी अमेरिकेत असेन."

"माहीत आहे. तुझा दिवस असेल तेव्हा इथं माझी रात्रच असणार. तू उठव."